नॅसची जागा सर्व्हरला डिस्क म्हणून दिली. आता दोन संगणकांवर त्याच डिस्कमध्ये वेगवेगळं दिसतंय

ओतकाम_शिरोली · मंगळवार, रात्री ९:१०

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत संगणकांचं मी बघतो. पॅटर्नची ड्रॉइंग, गिऱ्हाइकांची थ्रीडी मॉडेलं, तपासणीचे अहवाल, सगळं एका विंडोज सर्व्हरवर असतं. सर्व्हरमध्ये आणखी डिस्क घालायला जागा उरली नाही, म्हणून नेटवर्कवर जोडायची चार डिस्कांची पेटी, म्हणजे नॅस, घेतला. ४ टीबीच्या चार डिस्का, रेड ५, म्हणजे वापरायला १२ टीबी. त्यातली ६ टीबी आयस्कझीनं सर्व्हरला दिली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये कोरी डिस्क उगवली, जीपीटी केली, एनटीएफएस फॉरमॅट मारला, E: झाली. दोन महिने अगदी सुरळीत चाललं.

डिझाइनच्या खोलीत मॉडेल उघडायला वेळ लागतो अशी ओरड होती. मी विचार केला, सर्व्हरचा वळसा कशाला, नॅसलाच थेट जोडू. शनिवारी त्या संगणकावरही आयस्कझी इनिशिएटर चालू करून तोच टार्गेट जोडला. सगळी फोल्डरं जशीच्या तशी दिसली, मला वाटलं काम झालं.

सोमवारी सकाळी सर्व्हरवर एका नव्या कामाचं फोल्डर केलं. डिझाइनच्या संगणकावर ते दिसेना. F5 दाबून दाबून थकलो. तो संगणक रीस्टार्ट केला तेव्हा दिसलं. पण त्यांनी दुपारी सेव्ह केलेल्या फायली सर्व्हरवर नाहीत. आणि आज एका पंपाच्या केसिंगचं ड्रॉइंग उघडलं तर फाइल खराब आहे म्हणतंय. साइज बरोबर, तारीख बरोबर, आत भलतंच काहीतरी. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये Ntfs ची ५५ नंबरची नोंद तीनदा आलीय. chkdsk /f लावू का? उद्या सकाळी आठला पहिली पाळी येते.

---

गूळबाजार · रात्री ९:२४

भावा, तुझा नॅसच बिघडलाय बघ. शाहूपुरीत आमच्या अडतीवर नॅस आहे. Z: ड्राइव्ह म्हणून सात संगणकांना जोडलाय, सगळे एकदम पट्ट्या काढतात, कधी असलं झालं नाही. वॉरंटीत असेल तर बदलून घे.

---

उंबरठा · रात्री ९:३१

chkdsk /f अजिबात लावू नका. नॅस बिघडलेला नाही. एकाच एनटीएफएस डिस्कवर दोन विंडोज एकाच वेळी लिहीत आहेत, आणि दोघांनाही दुसऱ्याचा पत्ता नाही. प्रत्येक मिनिटाला नुकसान वाढतंय, म्हणून आधी करायचं ते सांगते, कारण नंतर लिहिते.

डिझाइनच्या संगणकावर शनिवारपासून केलेलं काम जे उघडतंय ते त्याच्याच C: वर कॉपी करून घ्या. मग त्याची नेटवर्कची केबल उपटा. रीतसर शटडाउन करू नका, कारण बंद होताना तो मेमरीत राहिलेला आपला हिशोब डिस्कवर लिहून जाईल, आणि तो हिशोब जुना आहे. केबल काढल्यावर पॉवर बटण दाबून धरून बंद करा आणि तसाच ठेवा.

मग सर्व्हरवर E: चं शेअरिंग थांबवा आणि डिस्क मॅनेजमेंटमधून ती डिस्क ऑफलाइन करा. त्यानंतर नॅसच्या पानावर जाऊन त्या लनचा, म्हणजे सर्व्हरला दिलेल्या ६ टीबीच्या तुकड्याचा, स्नॅपशॉट घ्या. आहे त्या मोडक्या अवस्थेचाच घ्या. पुढे दुरुस्तीत काही चुकलं तर परत इथवर येता आलं पाहिजे.

दोन गोष्टी सांगा. लन थिन आहे का, म्हणजे भरेल तेवढीच जागा घेतो का, आणि प्रत्यक्षात किती भरलाय? शनिवारच्या आधीचा बॅकअप आहे का?

---

ओतकाम_शिरोली · रात्री १०:०५

ताई, केबल काढली. सर्व्हरवर डिस्क ऑफलाइन केली, स्नॅपशॉट घेतला. लन थिन आहे, २.३ टीबी भरलाय. बॅकअप शुक्रवार रात्रीचा आहे, यूएसबी डिस्कवर.

पण मला कळत नाही, डिस्क दोघांकडे दिसत होती, फायली उघडत होत्या. चुकीचं होतं तर जोडूच का दिलं?

---

उंबरठा · रात्री १०:४८

शुक्रवारचा बॅकअप आहे म्हणजे निम्मं काम झालं.

आता कारण. गूळबाजार, तुमच्या Z: पासूनच सुरू करते, कारण फरक तिथेच आहे. तुमच्याकडे संगणक नॅसला म्हणतो, "मला अमुक फाइल दे", "ही फाइल ठेव." फाइल डिस्कवर नेमकी कुठे आहे हे फक्त नॅसला माहीत असतं. तुमच्या गोडाऊनमध्ये एकच दिवाणजी आहे असं समजा. गुळाचे रवे कुठल्या थप्पीला लागलेत, कुठली जागा मोकळी आहे, ते त्याच्या एकट्याच्या वहीत. सात जण आले तरी सगळे त्यालाच विचारणार, म्हणून गोंधळ होत नाही.

आयस्कझीमध्ये नॅस दिवाणजीचं काम करतच नाही. तो नुसतं रिकामं गोडाऊन देतो, जागांना नंबर टाकून. सर्व्हर म्हणतो, "४२०० नंबरच्या जागेवर हे ठेव", नॅस ठेवतो. त्या जागेवर फाइल आहे, फोल्डर आहे की फायलींची यादीच आहे, हे नॅसला कळत नाही. सर्व्हरच्या आतली डिस्क ज्या एससीएसआय आज्ञा ऐकते त्याच आज्ञा इथे नेटवर्कच्या पाकिटात घालून ३२६० पोर्टवरून जातात. म्हणून तर विंडोजला ती आपली घरची डिस्क वाटते. आणि घरच्या डिस्कवर दुसरं कुणी लिहील अशी शंकाही विंडोज घेत नाही. एनटीएफएस लिहिलंय तेच मुळी मालक एकच असतो हे धरून.

तुमच्याकडे दोन दिवाणजी झाले. दोघांनी सकाळी गोडाऊनच्या भिंतीवरची मोठी वही वाचली आणि आपल्या चोपडीत उतरवून घेतली. म्हणून शनिवारी दोन्हीकडे सगळं सारखं दिसलं. त्यानंतर प्रत्येक जण आपलीच चोपडी बघतोय. सर्व्हरनं नवं फोल्डर केलं ते डिस्कवर गेलं, पण डिझाइनच्या संगणकाला परत भिंतीकडे बघायचं कारणच नव्हतं. F5 सुद्धा चोपडीतलंच दाखवतं. रीस्टार्ट केल्यावर त्यानं भिंतीवरची वही नव्यानं वाचली, तेव्हा फोल्डर दिसलं.

पण खरं नुकसान न दिसण्यानं होत नाही. सर्व्हरच्या चोपडीत ४२०० मोकळी, त्यानं तिथे केसिंगचं ड्रॉइंग ठेवलं. डिझाइनच्या चोपडीतही ४२०० मोकळीच. त्यानं तिथे आपल्या मॉडेलचा तुकडा ठेवला. ड्रॉइंग गेलं. त्याचं नाव, साइज, तारीख ही यादीत वेगळ्या जागी असतात, ती शाबूत राहिली, म्हणून तुम्हाला साइज बरोबर आणि आत भलतंच असं दिसलं. आणि जेव्हा दोघे भिंतीवरच्या वहीच्या एकाच पानावर लिहितात, तेव्हा विंडोजला विसंगती सापडते आणि ५५ ची नोंद पडते. म्हणजे ५५ येईपर्यंत बऱ्याच फायली आधीच गेलेल्या असू शकतात.

जोडू का दिलं? कारण एकाच लनवर अनेक सर्व्हर मुद्दाम लावायची गरज असते. व्हीएमवेअरचं व्हीएमएफएस, लिनक्सवरचं जीएफएस२, ही त्यासाठीच केलेली आहेत. तिथले सर्व्हर लिहिण्याआधी आपापसांत कुलूप लावतात. नॅसला आत एनटीएफएस आहे की व्हीएमएफएस, हे ठाऊक नसतं. तुमच्या टार्गेटच्या सेटिंगमध्ये एकापेक्षा जास्त सेशनला परवानगी अशी खूण असेल. ती बघा.

---

राजारामपुरी_स्टुडिओ · रात्री ११:०२

लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला मी हेच वापरतो, दोन मशीन आणि एक लन. यावर सोपा उपाय आहे, दुसऱ्या मशीनवर डिस्क रीड-ओन्ली करायची. diskpart मध्ये `attributes disk set readonly`. एकच लिहिणार, दुसरा फक्त वाचणार. वर्षभर चालवतोय, काही झालं नाही. संतापून सगळं मोडायची गरज नाही.

---

उंबरठा · रात्री ११:१५

स्टुडिओ, निम्मं बरोबर आहे. दुसरं मशीन लिहीत नाही म्हणजे ते पहिल्याचं काही फोडणार नाही. पण वाचताना त्याच्या हातात जुनीच चोपडी असते. पहिल्यानं एखादी क्लिप काढून टाकली आणि ती जागा नव्या क्लिपला दिली, तर दुसरं मशीन जुन्या क्लिपच्या नावानं नव्या क्लिपचे तुकडे वाचेल. मधेच हिरवे चौकोन किंवा अडकलेली फ्रेम दिसेल आणि तुम्ही कॅमेऱ्याच्या कार्डाला दोष द्याल. फक्त नवीन भरत जाता आणि पुसत काहीच नाही, म्हणून वर्षभर निभावलं असेल. त्यावर विसंबू नका. रीड-ओन्लीची ती खूण त्या मशीनपुरतीच असते हेही लक्षात घ्या. उद्या विंडोज नव्यानं टाकलं की ती जाईल.

---

राजारामपुरी_स्टुडिओ · रात्री ११:२१

हिरवे चौकोन दोनदा आलेत खरे. कार्ड बदललं होतं मी.

---

गूळबाजार · रात्री ११:३०

आता कळलं. म्हणजे आमच्यात दिवाणजी नॅस आहे आणि याच्यात दिवाणजी सर्व्हर. मग भावा, एवढं कशाला केलंस? Z: सारखंच करायचं होतं की.

---

ओतकाम_शिरोली · बुधवार, सकाळी ६:४०

दादा, कारण होतं. सर्व्हरचा बॅकअप विंडोज सर्व्हर बॅकअपनं घेतो. नेटवर्कच्या फोल्डरवर तो एकच प्रत ठेवतो, नवा घेतला की जुना जातो. डिस्क असली की मागच्या बऱ्याच प्रती राहतात. पुढे बॅकअपही नॅसवरच न्यायचा विचार होता. शिवाय फोल्डरवरची परवानग्यांची मांडणी सगळी सर्व्हरवर बसवलेली, ती नॅसवर परत करायची नव्हती.

ताई, पहाटेपासून कामावर आहे. स्नॅपशॉटवरून नवा लन केला, तो फक्त सर्व्हरला जोडलाय, F: म्हणून. पुढे?

---

उंबरठा · सकाळी ७:०५

छान केलंत. मूळ लनला हात लावू नका, सगळं F: वरच करा. आधी नुसतं बघून घ्या. `/f` शिवाय चालवलं तर chkdsk फक्त वाचतो, दुरुस्ती करत नाही:

```
chkdsk F:
```

किती चुका दाखवतो त्यावरून अंदाज येईल. तो निरोगी म्हणाला तरी विश्वास ठेवू नका. chkdsk वही तपासतो, रव्यात गूळ आहे की माती, ते बघत नाही. केसिंगच्या ड्रॉइंगसारखी फाइल त्याच्या दृष्टीनं ठणठणीत असते.

म्हणून आधार शुक्रवारचा बॅकअप. तो वेगळ्या जागी उघडा. शुक्रवार रात्रीनंतर ज्यांची तारीख बदलली नाही त्या सगळ्या फायली बॅकअपमधूनच घ्या, F: वरच्या नको, कारण न बदललेल्या फाइलच्या जागेवरही कुणी लिहिलेलं असू शकतं. फक्त शुक्रवार रात्रीनंतरच्या फायली F: वरून आणि डिझाइनच्या C: वरच्या कॉपीतून घ्या, आणि त्या माणसानं एकेक उघडून बघायच्या. अडीच-तीन दिवसांचं काम आहे, हजारो फायली नसतील.

सगळं नव्या लनवर भरा. chkdsk /f नं दुरुस्त केलेल्या डिस्कवर पुढची पाच वर्षं काढू नका.

---

ओतकाम_शिरोली · दुपारी ३:५०

सांगितलं तसं केलं. शुक्रवारनंतरच्या २१२ फायली निघाल्या. डिझाइनचे दोघे आणि मी मिळून उघडून बघितल्या. १९ गेल्या. त्यांतल्या ११ डिझाइनच्या C: वरच्या कॉपीत चांगल्या मिळाल्या. केसिंगचं ड्रॉइंग मात्र कुठेच नाही, ते परत काढावं लागेल, दीड दिवस जाईल. मालकांना खरं काय ते सांगितलं.

न बदललेल्या फायलींपैकी सहज म्हणून काही ताडून बघितल्या. मागच्या वर्षीची दोन ड्रॉइंग F: वर खराब निघाली, बॅकअपमध्ये चांगली. ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर ती तशीच राहिली असती आणि गिऱ्हाइकानं मागितल्यावर कळलं असतं.

आता परत असं होऊ नये म्हणून काय?

---

उंबरठा · सायंकाळी ६:२०

नॅसच्या टार्गेटमध्ये दोन गोष्टी. पहिली, एकापेक्षा जास्त सेशनची खूण काढा. पण पुढे सर्व्हरला दोन केबलनी जोडून मल्टिपाथ करायचं ठरवलंत तर ती परत लागेल, म्हणून खरी भिस्त दुसऱ्या गोष्टीवर ठेवा. हा लन फक्त एकाच इनिशिएटरच्या नावाला द्या. प्रत्येक विंडोजचं नाव इनिशिएटरच्या कॉन्फिगरेशन टॅबवर दिसतं, साधारण असं:

```
iqn.1991-05.com.microsoft:server1
```

हे नाव नॅसमध्ये घालून वाचन-लेखन द्या, आणि बाकी सगळ्यांसाठी असलेली परवानगी बंद करा. बहुतेक ठिकाणी इथेच राहून जातं. नवं नाव घालतात, पण सगळ्यांसाठीची जुनी ओळ तशीच उघडी. हे नाव कुणालाही बदलून टाइप करता येतं, म्हणून जोडीला चॅप पासवर्ड लावा, १२ ते १६ अक्षरांचा. चुकून जोडणाऱ्याला तेवढं पुरतं. नेटवर्कवरून जाणारा डेटा मात्र त्यानं झाकला जात नाही, त्यामुळे नॅसची केबल ऑफिसच्या वायफायच्या जाळ्यात सोडू नका.

सध्या कोण जोडलंय ते दोन्हीकडून बघा. नॅसच्या पानावर सेशनची यादी असते. विंडोजवर पॉवरशेलमध्ये:

```
Get-IscsiSession | Select InitiatorNodeAddress, TargetNodeAddress, IsPersistent
```

डिझाइनच्या संगणकावर हे चालवून काही आलं नाही तरी फेव्हरिट टार्गेट्सच्या टॅबमधली नोंद पुसा. नाहीतर तो चालू झाला की आपोआप परत जोडायला जाईल.

डिझाइनच्या लोकांना E: सर्व्हरच्या शेअरमधूनच द्या. मॉडेल हळू उघडतं त्याचं कारण वेगळं शोधा. एक गिगाबिटच्या केबलमधून सेकंदाला साधारण ११० एमबी येतात, सर्व्हरमधून या नाहीतर थेट नॅसवरून. ४ जीबीची एक फाइल कॉपी करून बघा. चाळीस सेकंदांच्या आसपास झाली तर केबल आणि सर्व्हर आपलं काम करताहेत.

---

ओतकाम_शिरोली · सायंकाळी ७:०२

४१ सेकंद. म्हणजे मी थेट जोडून मिळवणार काहीच नव्हतो.

---

गोकुळ_शिरगाव · रात्री ८:१५

माझं थोडं वेगळं आहे, पण आयस्कझीचंच. लाइट गेली आणि आली की सर्व्हरवर डिस्क दिसते, फायली असतात, पण शेअर गायब. लोकांना फोल्डर उघडत नाही. मी रोज हातानं शेअर परत करतो. नॅस चालू व्हायला पाचेक मिनिटं घेतो, सर्व्हर दोनच मिनिटांत उठतो. याचाही दोन संगणकांशी संबंध आहे का?

---

उंबरठा · रात्री ८:४०

नाही, तुमचा दिवाणजी एकच आहे, फक्त गोडाऊन उघडायच्या आधी कामावर येतो. विंडोजची शेअर देणारी सेवा सुरू होताना ज्या डिस्कवरचं फोल्डर सापडत नाही तो शेअर ती देत नाही. डिस्क नंतर उगवते, पण शेअर परत बघायला कुणी जात नाही. उद्या हातानं शेअर करण्याऐवजी Server नावाची सेवा नुसती रीस्टार्ट करून बघा. शेअर आपोआप आले तर कारण हेच.

इनिशिएटरमध्ये टार्गेट फेव्हरिट केलेला हवा, आणि व्हॉल्यूम्स अँड डिव्हायसेसच्या टॅबवर ऑटो कॉन्फिगर दाबलेलं हवं. त्यानंतर Server ही सेवा MSiSCSI च्या नंतर सुरू होईल असं ठेवायचं. ते `sc config` नं होतं, पण तो जुनी यादी पुसून नवी लिहितो. आधी `sc qc LanmanServer` करून तिथली नावं उतरवून घ्या आणि नव्या यादीत तीही घाला.

एवढं करूनही सर्व्हर नॅसच्या तीन मिनिटं आधी उठत असेल तर पुरणार नाही. नॅस आणि मधला स्विच यूपीएसवर घ्या. चालू असताना नॅस गेला तर नुसते शेअर जात नाहीत, लिहायला निघालेला डेटाही अडकतो.

---

पन्हाळा_रोड · रात्री ९:२०

सगळं वाचलं. माझं मत गूळबाजारसारखंच आहे. पन्नास माणसांच्या कारखान्यात फायली ठेवायला आयस्कझी नको. नॅसचा साधा शेअर द्या. स्नॅपशॉटमधून एक फाइल परत घ्यायची तर शेअरमध्ये दोन क्लिकचं काम. लनमध्ये अख्खी डिस्क परत उभी करून जोडावी लागते, जे तुम्ही आज सकाळी केलंत. व्हर्च्युअल मशीन किंवा डेटाबेस असेल तरच लन.

---

उंबरठा · रात्री ९:३४

स्नॅपशॉटचा मुद्दा मान्य. पण त्यांच्या परवानग्या सर्व्हरवर बसलेल्या आहेत आणि बॅकअपच्या प्रतींचा प्रश्न खरा आहे. मी त्यांच्या जागी असते तर ड्रॉइंग शेअरवर नेली असती आणि बॅकअपला लन ठेवला असता. मात्र ड्रॉइंग आणि बॅकअप दोन्ही एकाच नॅसवर नकोत.

---

पन्हाळा_रोड · रात्री ९:४१

आणि परवानग्या परत कोण बसवणार? त्याला पंधरा दिवस जातील. त्यापेक्षा दुसरा लहान नॅस घ्या.

---

ओतकाम_शिरोली · रात्री १०:१०

दुसऱ्या नॅसचं मालकांना आत्ता विचारायची सोय नाही. सध्या ड्रॉइंग लनवरच, बॅकअप यूएसबीवरच. नाव आणि चॅप लावलं, सगळ्यांसाठीची ओळ खरंच उघडी होती, ती बंद केली. डिझाइनच्या संगणकावरून मुद्दाम जोडून बघितलं, लॉगिन नाकारलं.

---

राजारामपुरी_स्टुडिओ · रात्री ११:५५

माझ्या नॅसवर सेशनची यादी काढली. दोन असायला हवेत, तीन आहेत. तिसऱ्याचं नाव एका जुन्या लॅपटॉपचं आहे, जो मी असिस्टंटला घरी वापरायला दिला होता. तो कधीतरी स्टुडिओत घेऊन येतो. त्याच्यावर रीड-ओन्ली केलं होतं की नाही, आठवत नाही. उद्या लॅपटॉप मागवतो. तोपर्यंत टार्गेटच बंद करून ठेवलाय.